माझी कपाशी, ताईंची कपाशी

धरणगावात राहून कविता करायची म्हणजे तुलना आयतीच पदरात पडते. बालकवी ठोमरे इथलेच, १८९० सालचे. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. काउंटरवर बिलबुकाखाली एक वही असते, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं आणि कोणी त्याला सांगितलं की हे शेठ कविता पण करतात, की त्याचं उत्तर ठरलेलं, "करतीलच ना भो, बालकवींचं गाव आहे!" त्याला कौतुकच करायचं असतं. मीही हसून युरियाची पावती फाडतो.

जळगावकडे गेलं की बालकवी मागे पडतात आणि बहिणाबाई सुरू होतात. आसोदा तिथून हाकेच्या अंतरावर. मग वाक्य थोडं बदलतं, "ती माउली तर एक अक्षर शिकलेली नव्हती." पुढचं कोणी बोलत नाही, पण मला ते ऐकू येतं. तू तर बी.एस्सी. अ‍ॅग्री.

खरं सांगायचं तर या दोघांचा मला हेवा वाटत नाही. जे कधीचेच होऊन गेले त्यांच्यावर जळायला माणूस तेवढा रिकामा असावा लागतो. हेवा लागतो तो जवळच्याचा. आपल्याच वयाचा, आपल्याच जिल्ह्यातला, आपण लिहितो त्याच गोष्टीवर लिहिणारा, आणि आपल्यापेक्षा बरं लिहिणारा. माझ्या बाबतीत त्या एक ताई आहेत. अमळनेरकडच्या. त्यांचे दोन संग्रह आलेत, दिवाळी अंकांत नाव असतं, आणि स्वभावाने इतक्या सरळ की त्यांच्याबद्दल वाईट बोलायचीही सोय नाही.

मागच्या एका कोजागरीला आम्ही दोघं एकाच मंचावर होतो. मसाला दुधाची पातेली उकळत होती आणि श्रोत्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. आधी मी वाचली, आई कापूस वेचते त्याची कविता. टाळ्या पडल्या. लगेच पुढे ताईंचं नाव होतं आणि योगायोग असा की त्यांचीही कविता वेचणीचीच. त्यांची संपली तेव्हा टाळ्या पडायला जरा वेळ लागला. मंचावर उभं राहिलेल्या माणसाला त्या उशिराचा अर्थ बरोबर कळतो. सूत्रसंचालकाने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "आधीची कविता भावपूर्ण होती. ही मात्र कविता होती." लोक हसले. मीही हसलो, मंचावर बसल्यावर हसावंच लागतं.

परत येताना गाडीवर मागे बसलेली बायको म्हणाली, "अहो, त्यांची ती कमरेची ओळ काय होती?" मी सांगितली. मला ती तोंडपाठ झाली होती. माझ्या कवितेतली एकही ओळ तिने विचारली नाही, आणि मीही आठवून दिली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही हे सांगण्यात काही अर्थ नाही. सांगण्यासारखं आहे ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी दुकान उघडून झाडलोट झाल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर, काल नेमकं काय काय डोक्यात घेऊन घरी आलो ते लिहून काढलं. कमरेची ओळ होती. शाल होती, कारण त्यांना शाल आणि आम्हाला गुलाबाचं फूल. निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव वर आणि ठळक, आमची 'इतर सहभागी' म्हणून एका ओळीत. त्यांच्या पिशवीतून डोकावणारं त्यांचंच पुस्तक होतं. सूत्रसंचालकाचं वाक्य तर होतंच.

यादी समोर आल्यावर दिसलं की जळजळ एक नव्हती, दोन होत्या, आणि रात्रभर त्या एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. एक कमरेच्या ओळीची. दुसरी शाल, पत्रिका आणि पुस्तकाची. तेव्हापासून कोणाचा हेवा वाटला की मी एवढंच तपासतो: त्याची एखादी ओळ मला म्हणून दाखवता येते का? येत असेल तर हेवा कवितेचा आहे. ओळ आठवत नाही आणि फक्त सत्कार आठवतोय, तर कवितेचा त्यात काही संबंध नाही. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की आजार वाढतो. सत्काराचा हेवा वाटणारा माणूस कविता घासत बसतो आणि कवितेचा हेवा वाटणारा माणूस प्रकाशकाला फोन लावतो, असे नमुने मी आमच्याकडे भरपूर पाहिलेत.

आधी कमरेच्या ओळीचं सांगतो.

ताईंचं पुस्तक जळगावहून विकत आणलं. फुकट मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं, पण विकत घेतलेल्या पुस्तकात पेन्सिल चालवायला संकोच वाटत नाही. ती कविता सोळा ओळींची. मी ती हाताने उतरवून घेतली. शेजारच्या पानावर माझी कविता लिहिली, तीही सोळा ओळींची. हाताने उतरवण्यात फायदा असा की डोळे ज्या शब्दावरून घसरून जातात तिथे हाताला थांबावं लागतं. मग दोन्ही पानांवर खुणा केल्या. विशेषणांखाली रेघ, क्रियापदांभोवती गोल, आणि भावनेचं थेट नाव घेणाऱ्या शब्दावर फुली.

ताईंच्या पानावर रेघा दोनच आल्या. फुली एकही नाही. गोल केलेली क्रियापदं होती वाकते, खुडते, चावून बघते, गाठ सोडते. सगळी शरीराने करायची कामं. माझ्या पानावर अकरा रेघा होत्या. फुल्या 'वेदना', 'काळीज', 'आसवं' आणि दोनदा 'दुःख' यांच्यावर. क्रियापदं राबते, झुरते, भासते, वाटते. यातलं एकही क्रियापद असं नव्हतं की जे करताना बाई दिसावी.

आणि ती कमरेची गोष्ट. वेचणीची मजुरी किलोवर असते. बाई कमरेला ओटी बांधते, वेचलेला कापूस त्यात टाकत जाते, आणि ओटी भरत जाते तशी कमरेला ओढ बसते. ताईंच्या कवितेतल्या बाईला त्या ओढीवरून किलो कळतात. संध्याकाळी काट्यावर आकडा कमी दिसतो तेव्हा ती काट्याकडे बघतच नाही, कमरेवरचा गाठीचा वळ चोळते. एवढंच. ती गरीब आहे, तिला फसवलंय, तिला वाईट वाटलं, यातलं काही त्या सोळा ओळींत लिहिलेलं नाही.

ही ओढ मला ठाऊक नव्हती का? मी याच शेतांना बियाणं विकतो. दिवाळीनंतर दुकानासमोरून वेचणीच्या बायका जातात तेव्हा त्यांच्या परकरावर गाठीची सुरकुती असते, ती मी वर्षानुवर्षं बघतोय. पण ती कवितेत यायच्या लायकीची आहे असं मला कधी वाटलंच नाही. कवितेत यायला लायक म्हणजे चांदणं, मोती, काळीज. ताई माझ्यापेक्षा हुशार असतील, नसतील. या एका कवितेपुरता आमच्यातला फरक असा होता की त्यांनी समोरचं घेतलं आणि मी कोठारातलं काढलं. हे कळल्यावर जळजळ गेली नाही, पण तिला एक जागा मिळाली. 'मी वाईट कवी आहे' या वाक्याचं काही करता येत नाही. 'माझ्या सोळा ओळींत अकरा विशेषणं आहेत' या वाक्याचं संध्याकाळपर्यंत काहीतरी करता येतं.

माझ्या कवितेचं पहिलं कडवं असं होतं:

शुभ्र मोत्यांची ही शेती
जणू चांदणं सांडलं
माय राबते उन्हात
तिचं काळीज फाटलं

अष्टाक्षरी आहे, म्हणजे ओळीत आठ अक्षरं. मोजायला सोपी म्हणून आमच्याकडे सगळे तिच्यातच सुरुवात करतात. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. पण आठ अक्षरं भरली म्हणजे ओळ चालली असं होत नाही. बहिणाबाईंची 'अरे संसार संसार' ही ओळ घ्या. दोन, तीन, तीन अशी पावलं पडतात. पुढची 'जसा तवा चुल्ह्यावर' दोन, दोन, चार. शब्द बरोबर पावलावर संपतात, म्हणून ती जात्यावरही म्हणता येते आणि गाडीवरही. माझ्या कडव्याची पावलं तशी बरी होती. 'माय राबते उन्हात' दोन, तीन, तीन. गडबड चालीत नव्हतीच. गडबड ही की उन्हात चांदणं सांडलेलं होतं, ते मोत्यांवर पडलं होतं आणि त्यात काळीज फाटत होतं. चार ओळींत चार ठिकाणी बघायला सांगितलं तर माणूस कुठेच बघत नाही.

मी ठरवलं, आईची एकच गोष्ट घ्यायची आणि ती माझ्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात. नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात. दिवसभर काही कळत नाही. संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर कळतं, मिठाच्या डब्यात हात घातला की. आई मिठाला हात लावायची नाही, पळी वापरायची. आम्हाला लहानपणी वाटायचं की वेचणीच्या दिवसांत मीठ पळीनेच घालायचं असतं, तशी काही रीत असेल.

हे लिहायला बसलो आणि पहिला खर्डा असा आला:

वेचणीचं बोट तिचं
मीठ घेताना थांबलं
भाजीमध्ये मग थोडं
चमच्यानंच टाकलं

आमच्या गल्लीत मराठीचे एक निवृत्त सर राहतात. त्यांना वही दाखवली. पूर्वी मी विचारायचो, "सर, कशी वाटली?" त्यावर ते "छान आहे बापू" म्हणायचे आणि चहा सांगायचे. 'कशी वाटली' या प्रश्नाला आमच्या भागात दुसरं उत्तरच नाही, पाहुण्याला भरीत कसं झालंय विचारल्यासारखं ते होतं. या वेळी विचारलं, "सर, यातला कोणता शब्द काढला तर कोणाला कळणार नाही?"

सरांनी चष्मा लावला आणि लगेच बोट ठेवलं. "मग थोडं. ही भरती आहे. आठ करायला घातलीस." मग म्हणाले, "आणि चमचा कोणाच्या घरचा? तुमच्याकडे तेव्हा चमचे होते?"

नव्हते. पळी होती. चमचा माझ्या आताच्या स्वयंपाकघरातून आला होता, कारण 'चमच्यानंच' पाच अक्षरं भरून काढतं. पंधराएक दिवस ती चार ओळींची घडी डोक्यात घोळत होती. बी मोजताना, गिऱ्हाइकाला फवारणीचं प्रमाण सांगताना. मग हे झालं:

वेचणीचं बोट तिचं
मीठ घेताना थांबलं
रोज चिमटीनं घाली
आज पळीनं घातलं

हे फार भारी आहे असं माझं म्हणणं नाही. 'थांबलं' आणि 'घातलं' हे यमक कच्चं आहे, नुसत्या 'लं'वर टेकलेलं. तिसऱ्या ओळीची चाल दोन, चार, दोन होते आणि म्हणताना तिथे जीभ किंचित अडते. सर म्हणतात अडू दे, बोटही अडलंय. मला ते सरांचं लाडाचं बोलणं वाटतं. पण आता या कडव्यात काय कमी आहे ते मला बोटाने दाखवता येतं. कोजागरीच्या रात्री येत नव्हतं. तेव्हा सगळंच कमी वाटत होतं.

कवितेच्या हेव्याबरोबर एक धोका येतो, त्याबद्दल सांगायला हवं. दुसऱ्याची कविता इतक्या जवळून वाचली की तिचा आवाज आपल्या घशात येतो. त्याच महिन्यात मी दोन कविता अशा लिहिल्या की त्या वाचून मी स्वतःवर खूश झालो. त्यात 'अवकाश' होतं, 'रिक्त' होतं, एक बाई खिडकीशी उभी होती. आमच्या घराला रस्त्याकडे खिडकीच नाही. कविता घासूनपुसून छान दिसत होत्या, फक्त माझ्या नव्हत्या. ओळखायची माझी रीत साधी आहे. ओळ दुकानात मोठ्याने म्हणायची. हमाल पोरगा गोण्या उतरवता उतरवता 'काय?' असं वळून विचारतो की हसतो, ते बघायचं. न समजणं वेगळं आणि हे आपलं शेठ बोलत नाहीयेत असं वाटणं वेगळं. दुसरं झालं की त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

याच्या उलट टोकाचाही एक खड्डा आहे, आणि खान्देशात तो जास्त खोल आहे. "आम्ही साधी माणसं, आमची बोली रांगडी, आम्हाला तुमच्यासारखं पॉलिश जमत नाही." असं म्हटलं की तुलनेतून सुटका होते. श्रोतेही टाळ्या देतात. अहिराणीतल्या चार शब्दांची फोडणी दिली की कविता मातीतली ठरते आणि मातीतल्या कवितेला कोणी यमक विचारत नाही. बहिणाबाईंचं नाव या कामी सगळ्यात जास्त वापरलं जातं, याचा मला राग येतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरं. पण म्हणून गाणी कशीही झाली असं कोणी म्हणत असेल तर त्याने ती मोठ्याने म्हणून बघावी. कागद नसलेल्या माणसाला ओळ लक्षात ठेवायची तर ती पुन्हा पुन्हा म्हणावीच लागते, आणि म्हणता म्हणता जो शब्द जिभेला टोचतो तो बदलला जातो. खाडाखोड तिथेही असणार, फक्त तिला कागद नव्हता. पुढे मुलगा सोपानदेव आणि भाऊबंदांतले पितांबर चौधरी यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून ती राहिली. सहज दिसतं ते सहज झालेलं असतंच असं नाही, हे आमच्या दुकानात कलम घ्यायला येणाऱ्या बागाईतदारालाही माहीत असतं.

आता दुसरी जळजळ. शाल, पत्रिका, पुस्तक.

इथे माझ्या उपयोगाला आला तो नुसता हिशोब. कवितासंग्रह निघतो कसा हे एकदा नीट विचारून घेतलं तर 'छापलेला कवी' या शब्दाची दहशत निम्म्याने उतरते. मराठीत कितीतरी संग्रहांचा खर्च कवीच करतो. प्रकाशक नाव आणि छपाई बघतो, आणि प्रतींची खोकी कवीच्या घरी येऊन पडतात. मग त्या वाटल्या जातात, नातेवाइकांत, लग्नात, कविसंमेलनात. काही प्रकाशक स्वतःच्या पैशाने काढतात, ते थोडे, आणि तिथे वर्षानुवर्षं रांग. पुस्तक दिसलं म्हणजे कोणीतरी कवितेवर शिक्का मारला असं समजायचं कारण नाही. तसंच सगळे पैसे भरून छापतात असं म्हणून तोंड वाकडं करायचंही कारण नाही, कारण ताईंचे दोन्ही संग्रह तसे नाहीत. हे दुसरं वाक्य लिहायला मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दिवाळी अंकाचं तर आणखी साधं. पावसाळ्यातच कविता पाठवाव्या लागतात. नवरात्रात सुचलेली कविता त्या वर्षी येत नाही, मग ती कितीही चांगली असो. मी वर्षानुवर्षं दसऱ्याच्या सुमाराला पाठवायचो, कापसाची कविता कापूस फुटल्यावरच सुचते म्हणून. उत्तर यायचं नाही. न आलेल्या उत्तराचा अर्थ मी 'नालायक' असा लावायचो. पूर्वी निदान 'साभार परत' तरी यायचं, तिकीट लावलेल्या आपल्याच पाकिटातून. आता शांतता येते आणि शांततेत माणूस हवं ते वाचतो. संपादकाने माझी कविता वाचून नाकारली की अंक छापायला गेल्यावर ती पोचली, यातलं काय घडलं हे शांततेवरून कळत नाही. मग तिच्यावरून स्वतःची किंमत तरी कशी ठरवायची?

या सगळ्यात मला १९०७ साल आठवतं, मी दुकानात बसून कोणाकोणाला ते सांगतोही. त्या वर्षी जळगावात कविसंमेलन भरलं. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेंनी तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं. नाव तिथून चिकटलं. आता दुसरी बाजू. बहिणाबाई १८८० च्या, लग्न होऊन जळगावच्याच चौधरींच्या घरी आलेल्या. म्हणजे गावात ते संमेलन भरलं तेव्हा सत्तावीस वर्षांची ही बाई त्याच गावात संसार करत होती. तिच्या गाण्यांचं पुस्तक यायला अजून पंचेचाळीस वर्षं होती. ती १९५१ च्या डिसेंबरात गेली, आणि आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेऊन गाणी छापली १९५२ साली. तिने स्वतःचं पुस्तक पाहिलं नाही. आणि ज्यांना सतराव्या वर्षी मंच मिळाला ते बालकवी १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या कवितांची पुस्तकंही त्यांच्यामागे निघाली.

मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं आता हा म्हणणार, म्हणून धीर धरा, तुमचंही छापून येईल. तसं मला अजिबात म्हणायचं नाही. बहुतेकांचं मेल्यावरही छापून येत नाही आणि आलं तरी वाचवत नाही. मला त्यात एवढंच दिसतं की एकाच गावात एकाच वर्षी मंचावर कोण होतं आणि कोण नव्हतं, यावरून त्या गावात कविता कोणाकडे होती हे सांगता आलं नसतं. ना त्या बाजूने, ना या. मंचावर होते तेही अस्सलच होते.

राहिली शंका, माझ्यात मुळात काही आहे का ही. ती गेलेली नाही. ती रात्री वही मिटताना येते आणि दुकानात गर्दी असली की येत नाही, यावरून ती फारशी साहित्यिक शंका नसावी. तिचा मोठा भाग एका अन्यायी तुलनेवर जगतो हे मात्र मला ताईंमुळे कळलं. मीठ-पळीची कविता तीन कडव्यांची झाल्यावर मी धीर करून त्यांना फोन केला. कोजागरीचं काही बोललो नाही, त्यांच्या वेचणीच्या कवितेबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, ती आधी चाळीस ओळींची होती. त्यात सावकार होता, पाऊस होता, शेवटी बाई रडत पण होती. चार वर्षं वहीत पडून होती." मी माझा कच्चा खर्डा त्यांच्या चार वर्षांनंतरच्या सोळा ओळींशेजारी ठेवून रात्रभर जागत होतो. त्यांची चाळीस ओळींची, रडणाऱ्या बाईची कविता माझ्या काळीज फाटलेल्या कडव्याशेजारी ठेवली असती तर सूत्रसंचालक काय म्हणाला असता, हे मला ऐकायला आवडलं असतं.

यात एक गोम आहे, ती लपवू नये. चार वर्षं वहीत ठेवून माझी चाळीस ओळींची कविता सोळाची होईल, पण त्या सोळांत कमरेची ओळ असेलच असं नाही. घासून चूक जाते. ओळ येत नाही. ती कुठून येते ते ताईंनाही सांगता आलं नाही, मी विचारलं होतं. एवढ्या भागाचा हेवा माझ्याकडे शिल्लक आहे आणि त्याचं काय करायचं हे मला माहीत नाही. तो काउंटरवर बसतो, मी बिलं फाडतो.

त्याच फोनवर मी त्यांना माझी तीन कडवी वाचून दाखवली. मिठाच्या कडव्यावर त्या गप्प राहिल्या, आणि मंचावरच्या त्या उशिरा पडलेल्या टाळ्या मला आठवल्या. मग त्यांनी तिसरं कडवं पुन्हा वाचायला सांगितलं.

बाप म्हणे भाव नाही
माय काही ना बोलली
तिनं पळी पालथीच
डब्यामध्ये ठेवलेली

"हे काढा," त्या म्हणाल्या. "कविता आधीच संपलीय. बाप कशाला आला?"

मी म्हटलं, "ताई, बापाला काढवत नाही. तो तिथे बसलेलाच असायचा."

"मग राहू द्या," ताई म्हणाल्या, "पण त्याला नुसता भाव सांगायला बसवू नका. काहीतरी काम द्या त्याला."

आठवडा झाला, मी त्याला काम शोधतोय. सध्या तो वहीत बसून विडी पेटवतो, आणि 'विडी पेटवून बसे' हे काम म्हणायचं की नाही यावरून सरांचं आणि माझं भांडण चालू आहे.